नित्यसमानतांचा सराव: एकाच सूत्राच्या चार पायऱ्या

प्रश्न: मी नववीत आहे. विस्तारसूत्रे पाठ आहेत, पण गणित समोर आले की कोणते सूत्र लावायचे ते सुचत नाही. सुट्टीत घरीच सराव करायचा आहे. सोप्यापासून अवघडापर्यंत उदाहरणे कोणी लावून देईल का?

उत्तर:

मी सोलापूरच्या पूर्व भागात बरीच वर्षे गणिताच्या शिकवण्या घेतो. तुमची अडचण मला दर वर्षी कोणीतरी सांगते. माझ्या अनुभवाप्रमाणे तिचे कारण असे की मुले आठ-दहा सूत्रे सुटी सुटी पाठ करतात, आणि मग प्रत्येक गणिताला त्यांतले एकेक लावून पाहतात. म्हणून मी खाली सगळी सूत्रे घेतलेली नाहीत. `(a + b)² = a² + 2ab + b²` हे एकच सूत्र आणि त्याच्या जोडीला `a² − b² = (a + b)(a − b)` एवढ्यावरच सारा सराव लावला आहे. घनाचे सूत्र फक्त पाहुणे म्हणून एक-दोनदा येईल.

सुरुवातीला एक चित्र डोळ्यांपुढे आणा. आमच्याकडे घरोघरी यंत्रमाग असल्यामुळे मी ते कापडावर समजावतो. `a` बाजूचा एक चौरस रुमाल आहे आणि त्याच्या लगतच्या दोन बाजूंना `b` रुंदीचा पट्टा वाढवून मोठा चौरस करायचा आहे. त्यासाठी `a × b` मापाचे दोन पट्टे लागतात आणि कोपऱ्यात `b × b` मापाचा एक लहान तुकडा लागतो. जो विद्यार्थी `(a + b)² = a² + b²` असे लिहितो, त्याने कोपरा जोडला पण दोन्ही पट्टे विसरले. ते दोन पट्टे म्हणजेच `2ab` हे मधले पद होय. पुढच्या चारही पायऱ्यांवर आपण याच मधल्या पदाचा माग काढणार आहोत.

पहिली पायरी तोंडी करायची आहे, कागद घेऊ नये: `52²`, `997²`, `103 × 97`, `68² − 32²`. उत्तरे अनुक्रमे 2704, 994009, 9991 आणि 3600 अशी येतात. शेवटच्या उदाहरणात दोन वर्ग काढून वजाबाकी करणाऱ्याने सूत्र वापरलेच नाही, कारण ते `100 × 36` इतके सरळ आहे. या पायरीवर दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

येथेच पडताळणीची सवय मात्र लावून घ्यावी. एखादी समानता नित्य आहे की नाही अशी शंका आली तर चलांना किमती देऊन दोन्ही बाजू काढून पाहाव्यात, परंतु 0 आणि 1 या किमती टाळाव्यात. `b = 0` घेतले तर `(a + b)² = a² + b²` ही चुकीची समानतासुद्धा खरी ठरते, आणि 1 घेतल्यास `a`, `a²`, `a³` यांतला फरकच नाहीसा होतो. `a = 3, b = 4` घेतल्यावर डावी बाजू 49 आणि उजवी 25 येते, म्हणजे चूक तत्काळ उघडी पडते. एवढे लक्षात असू द्यावे की एका किमतीने समानता खोटी ठरवता येते, पण एकदोन किमतींना जुळली म्हणून ती सिद्ध झाली असे होत नाही.

दुसऱ्या पायरीवर `a` आणि `b` न काढता काम करायचे आहे. `a + b = 6` आणि `ab = 7` दिले असता `a² + b²`, `(a − b)²`, `a³ + b³` आणि `a⁴ + b⁴` काढा. मी मुद्दाम अशा संख्या घेतल्या आहेत की `a` आणि `b` अंदाजाने सापडू नयेत. बेरीज 10 आणि गुणाकार 21 दिला की मुले लगेच 7 आणि 3 म्हणतात आणि सूत्राची गरजच संपते.

बेरजेचा वर्ग 36 आहे आणि त्यातून दोन पट्टे, म्हणजे 14, काढले की `a² + b² = 22` उरते. आणखी 14 काढले की `(a − b)² = 8` मिळते. येथे `a − b` विचारले असते तर `2√2` आणि `−2√2` अशी दोन्ही उत्तरे लिहावी लागली असती, कारण `a` मोठा की `b` हे दिलेलेच नाही. या ठिकाणी वजा चिन्ह गाळणे ही माझ्या वह्या तपासण्यातली सर्वांत नेहमीची चूक आहे. घनासाठी `(a + b)³ − 3ab(a + b)`, म्हणजे `216 − 126 = 90`. चौथ्या घातासाठी नवे सूत्र शोधू नये. `a²` आणि `b²` यांनाच दोन नवी पदे मानून पुन्हा तेच करावे: `22² − 2 × 49 = 386`.

तिसरी पायरी दुसरीच आहे, फक्त गुणाकार लपवलेला आहे. `x` आणि `1/x` यांचा गुणाकार नेहमी 1 असतो, त्यामुळे तो गणितात सांगितलेला नसतो. `x + 1/x = 3` असल्यास `x² + 1/x²`, `x³ + 1/x³`, `x⁴ + 1/x⁴` आणि `x⁵ + 1/x⁵` काढा. पहिली तीन उत्तरे 7, 18 आणि 47 अशी आहेत. पाचव्या घातासाठी 7 आणि 18 यांच्या राशींचा गुणाकार करून पाहा: त्यातून `x⁵ + 1/x⁵` आणि त्याच्यासोबत `x + 1/x` अशी चार पदे बाहेर पडतात, म्हणून उत्तर `126 − 3 = 123`.

यानंतर वेष बदललेले उदाहरण: `x² − 5x + 1 = 0` असल्यास `x² + 1/x²` किती? प्रत्येक पदाला `x` ने भागले की `x + 1/x = 5` मिळते आणि उत्तर 23 येते. भागण्यापूर्वी `x` शून्य नाही हे एका ओळीत लिहावे. शून्य ठेवल्यास समीकरण `1 = 0` असे होते, एवढे कारण पुरेसे आहे.

याच पायरीवर एक सापळा मी दर वर्षी लावतो. `x + 1/x = 1` दिले तर `x² + 1/x²` किती? सूत्राने उत्तर `−1` येते, आणि बहुतेक जण ते लिहून पुढे जातात. दोन वर्गांची बेरीज ऋण कशी, असे विचारणारा एखादाच निघतो. सूत्रात काही चूक नसून अशी वास्तव संख्या `x` अस्तित्वातच नाही. धन `x` साठी `x + 1/x` ही राशी 2 पेक्षा कमी होऊ शकत नाही, कारण `x + 1/x − 2 = (x − 1)²/x` असते आणि ही उजवी बाजू ऋण होत नाही. ऋण `x` साठी तर बेरीज ऋणच येते. उत्तराकडे पुन्हा एकदा पाहण्याची सवय लागायला हे एक गणित माझ्या मते वीस सरळ गणितांच्या तोडीचे आहे.

चौथ्या पायरीवर अवयव पाडायचे आहेत, आणि तुम्ही विचारलेली अडचण खऱ्या अर्थाने येथे येते, कारण मधले पद येथे नसते किंवा चुकीचे असते. `x⁴ + 4`, `x⁴ + x² + 1`, `x⁴ + 2x² + 9` आणि `x⁴ − 7x² + 9` ही चार उदाहरणे घ्या. प्रत्येकावर किमान पंधरा मिनिटे दिल्याशिवाय पुढचा परिच्छेद वाचू नये.

शेवटचे उदाहरण सविस्तर करून दाखवतो. पहिले पद `x²` चा वर्ग आहे आणि शेवटचे 3 चा, तेव्हा पूर्ण वर्गासाठी मधले पद `6x²` किंवा `−6x²` असायला हवे. प्रथम `(x² + 3)²` घेऊन पाहू. त्यात `+6x²` येते, आपल्याला `−7x²` हवे, म्हणून `13x²` वजा करावे लागतात. 13 हा पूर्ण वर्ग नसल्यामुळे पूर्णांक सहगुणकांचे अवयव या वाटेने मिळत नाहीत. आता `(x² − 3)²` घेऊ. त्यात `−6x²` येते आणि केवळ `x²` वजा करावा लागतो, म्हणून राशी `(x² − 3)² − x²` अशी होते आणि दोन वर्गांच्या फरकाने अवयव `(x² + x − 3)(x² − x − 3)` असे पडतात. `x = 2` ठेवून तपासा: मूळ राशी `16 − 28 + 9 = −3` आणि अवयव `3 × (−1)`. बहुतेक मुले पहिल्या वाटेवर 13 पाहून हे गणित सोडून देतात. दुसरे चिन्ह घेऊन पाहायचे त्यांना सुचत नाही, एवढेच.

उरलेली तीन `(x² + 2)² − 4x²`, `(x² + 1)² − x²` आणि `(x² + 3)² − 4x²` अशी सुटतात. पहिल्याचे सर्वसाधारण रूप असे आहे:

`a⁴ + 4b⁴ = (a² + 2ab + 2b²)(a² − 2ab + 2b²)`

फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांच्या नावाने ही नित्यसमानता ओळखली जाते.

आव्हान तिच्यावरच आहे: `n` ही 1 पेक्षा मोठी नैसर्गिक संख्या असल्यास `n⁴ + 4ⁿ` ही मूळ संख्या कधीच नसते, हे सिद्ध करा.

`n` सम असल्यास दोन्ही पदे सम आहेत, तेवढ्यावर काम भागते. `n` विषम असल्यास `n = 2k + 1` लिहा, म्हणजे `4ⁿ` ही संख्या `4 × (2ᵏ)⁴` होते, आणि वरच्या सूत्रात `a = n`, `b = 2ᵏ` ठेवता येते. बहुतेक जण येथे थांबतात, पण सिद्धता अजून अपुरी आहे, कारण लहान अवयव 1 असेल तर संख्या मूळ असू शकते. तो अवयव `(a − b)² + b²` असा लिहिला की `b` किमान 2 असल्यामुळे तो किमान 4 आहे हे दिसते. `n = 1` ला मात्र `b = 1` होते, लहान अवयव खरोखरच 1 येतो, आणि संख्या 5, म्हणजे मूळ आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने यावर चांगली हरकत घेतली होती. तिचे म्हणणे असे की विषम `n` ला `4ⁿ` च्या एकक स्थानी नेहमी 4 असतो, आणि `n` ला 5 ने भाग जात नसेल तर `n⁴` च्या एकक स्थानी 1 असतो, म्हणून बेरीज 5 ने संपते आणि सूत्राची गरजच पडत नाही. ते पूर्णपणे बरोबर आहे. सूत्राची खरी गरज 5, 15, 25 अशा संख्यांनाच पडते. `n = 5` ला बेरीज 1649 येते आणि सूत्र तिचे अवयव 97 आणि 17 असे देते. `n = 15` तुम्ही करा. तेथे `b = 128` येईल, आणि हिशेब बरोबर असेल तर अवयव 36833 आणि 29153 मिळतील.