पुस्तक उघडं, पण कलम सापडेना

"मॅडम, आमची कायद्याची परीक्षा पुस्तकं उघडी ठेवून आहे. बेअर ॲक्ट नेता येतात, टॅब लावायला परवानगी आहे. मी शेकडो पानांवर टॅब लावले, तरी सरावाच्या पेपरात एकेक तरतूद शोधायला दोन-दोन मिनिटं जातात. वाचलेलं असतं, पण सापडत नाही. टॅब अजून वाढवू का?"

नको, आहेत त्यातले निम्म्याहून जास्त काढावे लागतील. हे मी एका विद्यार्थिनीबरोबर काही आठवडे बसून पाहिलं आहे. तिची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या दिवाणी प्रक्रिया संहितेला ८४ टॅब होते. मी म्हटलं, "आधी शोधून दाखव, मग बोलू." दहा प्रश्न काढले, घड्याळ लावलं. प्रत्येक प्रश्नाला तीन वेळा नोंदवल्या: पुस्तकाला हात लागेपर्यंतची, योग्य पान उघडेपर्यंतची आणि नेमक्या ओळीवर बोट टेकेपर्यंतची. आम्हा दोघींनाही वाटलं होतं की वेळ पानं उलटण्यात जात असेल. प्रत्यक्षात बहुतेक प्रश्नांत सर्वात मोठा तुकडा पहिला निघाला. ती पुस्तकाकडे बघत बसायची, कारण कोणत्या टॅबला हात घालायचा हेच ठरत नव्हतं. ८४ टॅबांच्या गर्दीत डोळ्यांना प्रत्येक टॅब वाचावा लागतो. तोही एक शोधच झाला.

दुसरी अडचण या संहितेच्या रचनेतली होती. आधी १५८ कलमं येतात, मग पहिल्या अनुसूचीत ५१ ऑर्डर आणि त्यांच्या पोटात रूल. आकडे दोन्हीकडे तेच. कलम ३९ म्हणजे हुकूमनामा अंमलबजावणीसाठी दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवणं, आणि ऑर्डर ३९ म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम. तिच्या पुस्तकाला '३९' लिहिलेले दोन टॅब होते, दोन्ही पिवळे. मनाई हुकुमाच्या प्रश्नात ती कलम ३९ वर पोहोचली, अर्धं पान वाचलं आणि मग चूक लक्षात आली. मुदत कायदा, १९६३ मध्येही हेच होतं. कलमं वेगळी, अनुसूचीतले १३७ अनुच्छेद वेगळे. कलम ५ आणि अनुच्छेद ५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

म्हणून आम्ही सगळे टॅब काढले. हे तिला फार जड गेलं, दोन रात्री जागून लावलेले होते ते. पण जुन्या टॅबांवर नवी पद्धत बसत नाही, डोळा जुन्याच जागा शोधत राहतो.

नवीन पद्धतीत पुस्तकाच्या कडेला अर्थ दिला. उजवी कड फक्त ऑर्डरांसाठी, वरची कड फक्त कलमांसाठी. टॅबवर काय लिहिलंय हे वाचण्याआधीच हात कुठे जाणार हे ठरतं. रंग दोनच. निळा म्हणजे निकालाआधीचं सगळं, लाल म्हणजे निकालानंतरचं: अपील, हुकूमनामा रद्द करणं, अंमलबजावणी. प्रश्न वाचताना 'हुकूमनामा झाला आहे का' एवढं पाहिलं की अर्धी निवड झाली. संख्येवर मर्यादा कागदच घालतो. साधारण २० सेंमी उंचीच्या पानाला सव्वा सेंमी रुंदीचे टॅब एकमेकांवर न येता पंधरा-सोळाच बसतात. त्यापुढे एक जरी लावला तरी तो कुणाच्या तरी मागे लपतो. टॅब कागदाबाहेर अर्धा सेंमीच ठेवायचा; जास्त ठेवला की पिशवीत दुमडतो आणि ऐनवेळी बोटाला लागत नाही.

चिकटवण्याची एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टॅब धरून पुस्तक उघडलं की हवी ती तरतूद समोरच्या दोन पानांवरच असली पाहिजे. तरतूद डाव्या पानावर असेल तर पुष्कळजण त्याच पानाला टॅब लावतात, आणि तो धरून उघडताना कधी आधीची पानं समोर येतात, कधी पुढची. टॅब नेहमी उघड्या जोडीतल्या उजव्या पानाला लावायचा, तरतूद डावीकडे असली तरी. एकदा ही सवय लागली की "एक पान मागे, एक पान पुढे" हा खेळ संपतो.

आता सूची. तिने सूची वर्णानुक्रमे केली होती, पुस्तकातल्या शब्दांत: 'अंमलबजावणी', 'अपील', 'एकतर्फी हुकूमनामा'. पण परीक्षेतली हकीकत त्या शब्दांत येत नाही. तिथे लिहिलेलं असतं की अमुक माणूस तारखेला आलाच नाही. मी तिला सांगितलं, "सूचीत प्रश्नातले शब्द लिही, समोर तरतूद." तिने लिहिलं ते असं. वादी गैरहजर, प्रतिवादी हजर: ऑर्डर ९ रूल ८, मग रूल ९, मुदत अनुच्छेद १२२. प्रतिवादी गैरहजर, अजून हुकूमनामा नाही: रूल ७. प्रतिवादी गैरहजर, हुकूमनामा झाला: रूल १३, अनुच्छेद १२३. रूल ७ आणि रूल १३ यांची गल्लत फार होते, आणि ती सूचीतल्या एका शब्दाने, 'झाला' की 'नाही' याने, सुटते. सूचीत पान क्रमांक लिहायचे नाहीत. पुस्तकाची नवी आवृत्ती घ्यावी लागली तर सगळी सूची वाया जाते. तरतुदीचा क्रमांक आणि टॅबचा रंग पुरतो.

तुमच्या परीक्षेत स्वतःची सूची नेता येते का, टॅबवर अक्षर चालतं का, हे सूचनापत्रकात नीट वाचा. 'टॅब चालतील' आणि 'टॅबवर लिहिलेलं चालेल' या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. अक्षर चालत नसेल तरी कड आणि रंग यांची ही पद्धत टिकते, कारण ती जागेवर उभी आहे. सूची नेता येत नसेल तर ती रोज एकदा हाताने लिहून काढायची.

तिच्याबरोबर सोडवलेला एक प्रश्न पूर्ण सांगते, म्हणजे टॅब कुठवर नेतो आणि कुठे थांबतो ते कळेल. हकीकत अशी: प्रतिवादीचा पत्ता सापडेना, म्हणून न्यायालयाच्या आदेशाने समन्स वर्तमानपत्रात जाहिरात देऊन बजावलं. तो आला नाही. १० जानेवारीला एकतर्फी हुकूमनामा झाला. त्याला ४ जूनला कळलं, २० जूनला त्याने तो रद्द करण्यासाठी अर्ज केला. अर्ज मुदतीत आहे का?

हुकूमनामा झाला आहे, म्हणून लाल. प्रतिवादी गैरहजर, म्हणून उजव्या कडेला ऑर्डर ९. अकरा सेकंदांत ती रूल १३ वर होती. मग मुदत कायदा. तिथे आम्ही फक्त पाच टॅब ठेवले होते: कलम ५, कलम १२ आणि अनुसूचीचे तीन विभाग कुठे सुरू होतात ते. दावे अनुच्छेद १ पासून, अपिलं ११४ पासून, अर्ज ११८ पासून. रद्द करण्यासाठी अर्ज केला आहे, म्हणजे तिसरा विभाग, आणि तिथून १२३ दोन पानांच्या आत. अनुसूचीतल्या एकेका अनुच्छेदाला टॅब लावायची गरज पडत नाही.

अनुच्छेद १२३ मध्ये मुदत ३० दिवस. ती म्हणाली, "मॅडम, १० जानेवारीपासून तीस दिवस केव्हाच संपले. अर्ज मुदतबाह्य." दुसऱ्या रकान्यावर थांबली होती. तिसरा रकाना मुदत कधीपासून मोजायची ते सांगतो: हुकूमनाम्याच्या तारखेपासून, किंवा समन्स रीतसर बजावलं नसेल तर अर्जदाराला हुकूमनामा कळला तेव्हापासून. मग जाहिरातीने बजावलेलं समन्स रीतसर धरायचं का? संहितेत ऑर्डर ५ रूल २० नुसार अशी बदली बजावणी प्रत्यक्ष बजावणीइतकीच परिणामकारक मानली जाते. पण अनुच्छेद १२३ खालचं स्पष्टीकरण सांगतं की या अनुच्छेदापुरती ती रीतसर बजावणी समजायची नाही. म्हणजे मुदत ४ जूनपासून, आणि २० जूनचा अर्ज वेळेत. पूर्ण उत्तर त्या स्पष्टीकरणाच्या दोन ओळींवर अवलंबून होतं, आणि योग्य पान समोर असूनही तिने ते वाचलं नव्हतं.

अर्ज मुदतीत आहे म्हणून हुकूमनामा रद्द होईलच असंही नाही. रूल १३ च्या खाली परंतुक आहे: बजावणीत नुसता अनियमितपणा होता एवढ्यावर हुकूमनामा रद्द करायचा नाही, जर प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता. काही आवृत्त्यांत उच्च न्यायालयांच्या दुरुस्त्या रूलच्या खाली बारीक टाइपात छापतात, त्यामुळे हे परंतुक आणि स्पष्टीकरण कधी पुढच्या पानावर जातं. तिच्या पुस्तकात तसंच होतं.

तेव्हापासून सरावात आम्ही घड्याळ थांबवण्याची जागा बदलली. पान उघडलं की नाही, तर परंतुक, स्पष्टीकरण आणि अपवाद यांवर बोट फिरवून झालं की थांबायचं. पहिल्या आठवड्यात तिची वेळ उलट वाढली, आणि ती घाबरली. मी तिला मागच्या वेळची उत्तरं तपासायला लावली. जलद सापडलेल्या तरतुदींमधल्या चुका तिने स्वतः मोजल्या आणि मग घाबरणं कमी झालं. दर सरावानंतर न वापरलेल्या टॅबच्या मागे पेन्सिलीने ठिपका करायचा, तीन ठिपके झाले की टॅब काढायचा. असं करत संहितेला १६ टॅब उरले, परीक्षेआधी पेन्सिल पुसून टाकली.

शेवटच्या सरावाला मी मुद्दाम उशिराच्या अर्जाचा प्रश्न दिला, अंमलबजावणीतल्या. वरच्या कडेला हात, मुदत कायद्याचं कलम ५, आठ सेकंद. 'पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ' असं लिहायला तिने पेन उचललं, मग ठेवलं आणि कलम परत शेवटपर्यंत वाचलं. ऑर्डर २१ म्हणजे अंमलबजावणी, आणि त्याखालच्या अर्जांना कलम ५ लागू नाही, हे त्याच वाक्यात लिहिलेलं आहे. प्रश्नातला अर्ज ऑर्डर २१ चाच होता.