भिशीचे चार हप्ते आणि निरोपाची ओटी

*ताई, वर्धा-नागपूर अप-डाऊन करणाऱ्या आम्ही बाराजणी एकाच डब्यात बसतो. महिन्याला हजार रुपयांची भिशी चालवतो. आमच्यातली एकजण नवऱ्याच्या बदलीमुळे महिन्याअखेर वर्धा सोडून चामोर्शीकडे राहायला जाऊन राहिली. तिनं तिसऱ्याच महिन्यात भिशी उचलली. आठ हप्ते झाले, चार बाकी आहेत, पण ती काही बोलत नाही. काहीजणी म्हणतात, माफ करून टाका, तेच आपलं गिफ्ट. वही माझ्याकडे असते. निरोपाच्या तोंडावर पैसे कसे मागू?*
*— वहीवाली, सेलू*

बाई, मागा. याच आठवड्यात मागा, म्हणजे निरोपाच्या दिवशी तुमच्या दोघींच्या मनात तो विषय राहणार नाही.

आधी वही उघडून एक गोष्ट बघा. ज्या ‘माफ करा’ म्हणतात, त्यांनी भिशी उचललेली आहे का? बहुतेक उचललेली असेल. आठ महिने झाले म्हणजे आठजणींना बारा-बारा हजार मिळाले. ज्या चौघी थांबल्या आहेत, त्यांना तिच्या हप्त्याशिवाय अकराच हजार मिळतील. म्हणजे गिफ्ट सगळ्यांच्या नावाचं आणि पैसे त्या चौघींचे. त्यातल्या एखादीनं त्या बारा हजारांवर पोरीची फी किंवा पेरणीचं बियाणं धरलं असेल. हे मला फार खटकतं, कारण गाडीत अशी बाई तोंडानं ‘नाही’ म्हणत नाही.

तिच्याशी मात्र डब्यात बोलू नका आणि ग्रुपवर तर आकडा टाकूच नका. रात्री जेवणं आटोपल्यावर फोन करा. ‘तुझे पैसे राहिले’ असं सुरू करण्यापेक्षा एवढंच म्हणा: “पुढच्या महिन्यापासून तुझं नाव वहीत कसं लिहू? तारखेला फोनपे करशील, की जायच्या आधी काही देऊन जाशील?” घर हलवताना टेम्पोचं भाडं आणि नव्या खोलीचं डिपॉझिट एकाच वेळी अंगावर येतं. ती गप्प आहे ती बहुधा या ओढाताणीमुळे. दरमहा हजार तिला जमतील, पण चार हजार एकदम मागाल ही भीती तिला असावी. तुमच्या एका वाक्यानं ती भीती जाईल.

खरंच जमत नाही म्हणाली, तर अकराजणींना एकेकीनं विचारा. चार हजार अकराजणींत वाटले तर एकीला 364 रुपये पडतात. सगळ्या खुशीनं तयार असतील तर चौघींचे बारा हजार पूर्ण होतील आणि तेव्हाच ते सगळ्यांचं देणं म्हणता येईल. एक जरी कचरली तरी हा विषय सोडा आणि जाणाऱ्या मैत्रिणीला हप्ते लांबवून द्या. ज्या महिन्यात तिचा हप्ता येणार नाही, त्या महिन्यात ज्यांना झेपेल त्यांनी तो भरावा आणि तिनं पुढे त्यांना सावकाश फेडावा. हे सगळं वहीत लिहा, तारखेसकट, आणि पानाचा फोटो तिलाही पाठवा. निरोपाच्या साडीची वर्गणी यापासून वेगळी ठेवा. ‘साडीचे पैसे हप्त्यात वळते करू’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ती साडी तिला कधीच नेसवणार नाही.

आता निरोपाचा दिवस. महिन्याच्या शेवटच्या तारखेवर जाऊ नका, तिचा पास कधी संपतो ते विचारा. चार दिवसांसाठी कोणी नवा पास काढत नाही, ती आधीच सुट्टी टाकेल आणि तुमचे हार तुमच्याकडेच राहतील. पास संपायच्या दोन-तीन दिवस आधीची संध्याकाळची गाडी धरा. सकाळी प्रत्येकीचा जीव मस्टरवरच्या सहीत अडकलेला असतो.

जागाही नेमकी ठरवा. तुमच्यापैकी काहीजणी बुटीबोरीच्या एमआयडीसीत असतील, त्या संध्याकाळी बुटीबोरीला चढतील. सिंदीवाल्या सगळ्यांत आधी उतरतील. म्हणजे बाराहीजणी एकत्र मिळतात त्या बुटीबोरी ते सिंदी, मध्ये फक्त बोरखेडी. अजनी सुटताच खाऊचे डबे उघडले तर बुटीबोरीच्या बायांना उरलंसुरलं मिळेल. बुटीबोरी सुटली की आधी हळद-कुंकू आणि ओटी, मग साडी, आणि बोलायचं ते तिला बोलू द्या. दिवा लावून औक्षण करू नका. चालत्या गाडीत ज्योत पेटवायला मनाई आहे आणि गर्दीत पदर पेटायला वेळ लागत नाही.

तिला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून कोणी काढू नये, हेही आजच सांगून ठेवा. ‘सेवाग्राम सुटली’, ‘गाडी लेट आहे’ हे मेसेज तिच्या कामाचे राहणार नाहीत, पण ते वाचायचे की म्यूट करायचे हे तिचं तिला ठरवू द्या. शिवाय चार महिने भिशीची तारीख तिला त्याच ग्रुपवर कळणार आहे.