हंगामी धंद्यात सरासरी साठा कसा काढावा?

प्रश्न: आमचा छत्र्या-रेनकोटचा धंदा आहे. सुरुवातीचा आणि अखेरचा साठा मिळवून निम्मा केला तर साठ्याची उलाढाल, म्हणजे वर्षात साठा किती वेळा विकला जातो तो आकडा, 12 पट येते. गोदाम तर महिनोन्महिने भरलेलं असतं. चुकतंय कुठे?

उत्तर: गणित बरोबर आहे, चुकतोय तो दिवस. तुमचं वर्ष बहुधा हंगाम सरल्यावर, गोदाम रिकामं असताना संपतं. त्यामुळे हिशेबात येणारे दोन्ही आकडे वर्षातले सर्वांत लहान आकडे असतात.

समजा, विकलेल्या मालाची किंमत 60 लाख, सुरुवातीचा साठा 4 लाख, अखेरचा 6. सरासरी 5, उलाढाल 60 भागिले 5 म्हणजे 12 पट, अर्थात माल जेमतेम 30 दिवस पडून राहतो. आता सुरुवातीचा साठा आणि त्यापुढे बारा महिनाअखेरींचे साठे मांडा: 4, 8, 14, 22, 30, 34, 28, 18, 10, 8, 7, 6, 6. बेरीज 195. तिला 13 ने भागा, कारण आकडे तेरा आहेत. इथे बरेच जण सवयीने 12 ने भागतात. सरासरी 15 लाख, उलाढाल 4 पट, माल सुमारे 91 दिवस पडून. खेळत्या भांडवलाची मर्यादा 5 लाखांवर बेतली असती, तर 34 लाखांच्या महिन्यात पैसा कुठून आणला असता?

महिनाअखेरचे साठे मात्र खरेदीच्या किमतीला धरा, विक्रीच्या नव्हे. आणि दुसऱ्या कंपनीचे फक्त वर्षअखेरचे आकडे हाती असतील, तर तिच्या उलाढालीशी तुमच्या 4 ची तुलना करू नका.