मेसची कुपनं आणि ४० टक्के सोनं

प्रश्न: सोन्याशी चलन बांधलेलं असताना सरकारला हव्या तेवढ्या नोटा छापता येत नसत, असं वाचलं. पण छापखाना तर त्यांचाच होता ना? मग अडवत कोण होतं?

छापताना कुणीच अडवत नसे. अडवणारा नंतर यायचा, तीच नोट हातात घेऊन.

कॉलेजात असताना मी सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये जेवायचो. महिन्याच्या सुरुवातीला साठ कुपनं घ्यायची, एका कुपनाला एक ताट. कुपन म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर रबरी शिक्का. मेसवाल्या काकांच्या एक गोष्ट लक्षात आली, की सगळी पोरं रोज येत नाहीत. कुणी गावी जातं, कुणाला उपास असतो. मग जागेचं भाडं थकलं की ते थोडी जादा कुपनं स्वस्तात विकायचे. सहा महिने काही बिघडलं नाही. दिवाळीच्या आधी मात्र मेस बंद होणार अशी आवई उठली आणि एका रात्री सगळे कुपनं घेऊन हजर. मला ताकभातावर भागवावं लागलं.

सुवर्ण परिमाणात नोट म्हणजे असंच कुपन होतं आणि ताटाच्या जागी सोनं होतं. अमेरिकेत भाव ठरलेला होता, एक औंस सोनं म्हणजे २०.६७ डॉलर. नोट आणा, त्या भावाने सोनं न्या. फरक एवढाच, की काका दुसऱ्या दिवशी मंडईतून जास्त भाजी आणू शकत होते. सोनं असं मंडईत मिळत नाही.

यावर कायद्याची एक कडी होती. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, काढलेल्या नोटांच्या निदान ४० टक्के किमतीचं सोनं जवळ ठेवायचं. सोपे आकडे घेऊ. तिजोरीत ४० डॉलरचं सोनं असेल तर नोटा जास्तीत जास्त १००. आता समजा, सरकारला २० डॉलर हवेत आणि बँकेने नोटा काढून दिले. नोटा १२० झाल्या, त्यांना ४८ डॉलरचं सोनं लागतं आणि आहे ४०. कायदा इथेच मोडला.

बरं, कायद्याकडे डोळेझाक केली असं धरू. देशात पैसा वाढला, भाव चढले. परदेशी माल तुलनेने स्वस्त वाटू लागला, म्हणून आयात वाढली. तो माल विकणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याकडे डॉलर साठले. त्याला डॉलर नकोत, आणि सोनं तर ठरल्या भावाने मिळतंय. तो सोनं उचलतो आणि जहाजावर चढवतो. तिजोरीतलं ४ डॉलरचं सोनं गेलं, ३६ उरलं. आता कायद्याने नोटा ९० च चालतील. म्हणजे ४ डॉलरचं सोनं गेलं की १० डॉलरच्या नोटा मागे घ्यायची पाळी. जादा छापण्याचा फायदा राहतो बाजूला, आधीच्या नोटाही आवराव्या लागतात.

आवरायच्या कशा, तर व्याजदर वाढवून. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सोन्याशी असलेला दुवा तोडला. आता डॉलरचा नंबर, या भीतीने परदेशी बँका न्यूयॉर्कमधून सोनं काढू लागल्या. अमेरिकेत महामंदी होती, बँका बुडत होत्या, माणसं बेकार होती. अशा वेळी पैसा सैल सोडायला हवा होता. पण फेडरल रिझर्व्हच्या न्यूयॉर्कमधल्या बँकेने, म्हणजे न्यूयॉर्क फेडने, ऑक्टोबरमध्येच दर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला, सोनं थांबावं म्हणून. त्यात आणखी एक गाठ होती. नोटांच्या उरलेल्या ६० टक्क्यांमागे व्यापारी हुंड्या हव्यात, नाहीतर पुन्हा सोनंच हवं. सरकारी कर्जरोखे चालत नसत. मंदीत धंदाच नाही तर हुंड्या कुठून येणार? सरकारी रोख्यांना मुभा मिळाली ती फेब्रुवारी १९३२ मध्ये, त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो: सरकारने रोखा लिहून द्यायचा आणि बँकेने त्यावर नोट काढायची, ही वाटच तोवर बंद होती.

मार्च १९३३ मध्ये लोकांनी स्वतःच बँकांसमोर रांगा लावल्या आणि न्यूयॉर्क फेडचं सोनं कायदेशीर पातळीच्या खाली गेलं. नवे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी शपथ घेतली आणि लगेच देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. मग एप्रिलमध्ये हुकूम काढून लोकांकडचं सोनं २०.६७ च्या भावाने जमा करून घेतलं. थोडी नाणी आणि दागिने सोडले. जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा भाव ३५ डॉलर केला. आपल्या उदाहरणातलं ४० डॉलरचं सोनं आता जवळजवळ ६८ डॉलरचं झालं आणि त्यावर १६९ डॉलरच्या नोटा काढता येऊ लागल्या. सोन्याचा एक कणही वाढला नव्हता.

यातला क्रम पाहा: आधी नोटेवर सोनं देणारी खिडकी बंद, मग सोनं जमा, आणि भाव शेवटी. खिडकी उघडी ठेवून भाव वाढवणार अशी कुणकुण जरी लागली असती, तरी लोकांनी २०.६७ ने सगळं सोनं नेलं असतं. (लक्ष्मी रोडवर उद्या भाव चढणार हे आजच कळलं तर काय होईल, ते पुणेकरांना सांगायला नको.) म्हणून खरी अडवणूक ४० टक्क्यांच्या आकड्यापेक्षा उघड्या खिडकीची होती, असं माझं मत. आकडा कायदेमंडळ बदलू शकतं.

डॉ. आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाबद्दल जवळपास हाच मुद्दा मांडला होता. पहिल्या महायुद्धाआधीच्या व्यवस्थेत रुपया थेट सोन्याला बांधलेला नव्हता, सरकार पौंडाच्या आधाराने त्याचा दर सांभाळत होतं. आंबेडकरांचं म्हणणं, चलनात प्रत्यक्ष सोनं असेल तर ते कुणाच्या मर्जीने वाढत नाही, पण अशा व्यवस्थेत किती रुपये काढायचे हे चालवणाऱ्याच्या हातात राहतं.

पुढे तसंच झालं. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात नोटांमागे ४० टक्के सोनं किंवा स्टर्लिंग, म्हणजे पौंडातले, रोखे हवेत, त्यात सोनं निदान ४० कोटींचं, अशी अट होती. पण नोट देऊन सोनं मागायची सोय सामान्य माणसाला नव्हतीच. १९५६ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी १२०० कोटींचा तुटीचा अर्थभरणा, म्हणजे नव्या नोटा काढून खर्च भागवणं, ठरला, तेव्हा ही अट आड येऊ लागली. मग सरकारने दोन्ही गोष्टी केल्या. तिजोरीतल्या सोन्याचा हिशोबातला भाव तोळ्याला २१.२४ रुपयांवरून ६२.५० केला, आणि टक्केवारी काढून टाकून ठरावीक रक्कम ठेवली: ११५ कोटींचं सोनं, ४०० कोटींचे परकीय रोखे. योजनेसाठी यंत्रं आयात करताना परकीय चलन एवढ्या वेगाने आटलं, की पुढच्याच वर्षी एकूण अट २०० कोटींवर आणली, त्यात सोनं ११५ कोटींचं.

कुठे काही कोसळलं नाही, कारण रांग लावायला खिडकीच नव्हती. २०० कोटींचा तो आकडा कायद्यात आजही आहे, आणि चलनातल्या नोटा ३० लाख कोटींच्या वर गेल्या आहेत. उरलेल्या नोटांमागे कायद्याने सरकारी रोखेसुद्धा चालतात, जे १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये चालले नव्हते.