उतारा आहे, पान नाही: इतिहासाच्या लांब प्रकल्पातली संशोधन नोंदवही

“सर, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात नदीवर बंधारा घालून पाटाने शेतं भिजवायची जी फड पाणीपद्धत आहे, तिच्यावर मी पीएचडी करतेय. दोन वर्षं वाचन झालं. वह्या भरल्या, मोबाइलमध्ये कागदपत्रांचे फोटो साठलेत. आता प्रकरण लिहायला बसले, तर कुठली गोष्ट कुठून घेतली तेच सापडत नाही. सगळं पुन्हा वाचावं लागणार का? आणि नोंदवही आता सुरू करून काही उपयोग आहे का?”

सगळं पुन्हा वाचावं लागत नाही, आणि नोंदवही आताही उपयोगी पडते. मात्र ‘सापडत नाही’ म्हणजे नेमकं काय हरवलंय, ते आधी पाहावं लागतं. या ताईंच्या वहीत एक ओळ होती: “पांझरा नदीवर जुने बंधारे पुष्कळ (गॅझेटियर).” लिहिताना ही नोंद पुरेशी वाटते, पण दोन वर्षांनी ती काहीच सांगत नाही. खानदेशचं जुनं गॅझेटियर 1880 चं, मुंबई इलाख्याच्या मालेतला बारावा खंड. धुळे जिल्ह्याची सुधारित आवृत्ती 1974 ची. एक इंग्रजी राजवटीतलं, दुसरं स्वातंत्र्यानंतरचं. ‘जुने बंधारे’ हे 1880 च्या माणसाने म्हटलं की 1974 च्या, यावर त्या वाक्याचा अर्थच बदलतो. त्यात तिसरी शक्यता अशी, की त्यांनी वाचलं ते इंटरनेटवर पुन्हा टाइप केलेल्या मजकुरात, जिथे मूळ छापील पानांचे आकडे नसतात.

म्हणून आम्ही पहिलं काम घेतलं ते साधनांच्या यादीचं. प्रत्येक साधन एकदाच, पूर्ण तपशिलासह लिहायचं आणि त्याला क्रमांक द्यायचा: सा1, सा2, सा3. लेखक, शीर्षक, आवृत्ती, वर्ष, प्रकाशनस्थळ आणि प्रत कुठे पाहिली (ग्रंथालय असेल तर दाखल क्रमांक, फाइल असेल तर तिचं नाव). दोन गॅझेटियरं म्हणजे दोन क्रमांक. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या वाचल्या तरी दोन क्रमांक. पुढे रोजच्या नोंदीत फक्त ‘सा4, पान 138’ एवढंच लिहायचं. संदर्भसूची करणारं Zotero सारखं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ही यादी तिथे ठेवा. पण ते सूची बनवतं. तुम्ही कोणत्या पानावर काय वाचलं हे तुम्ही लिहिल्याशिवाय त्याला कळत नाही.

पानाच्या आकड्यात हमखास फसगत होते. पीडीएफ उघडली की खाली 156 दिसतं आणि तेच वहीत जातं. पण छापील पान 138 असतं, कारण मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि अनुक्रमणिकेची पानं फाइलमध्ये आधी मोजली जातात. संदर्भ नेहमी छापील पानाचा द्यायचा. जुन्या नोंदींत फाइलचे आकडे पडले असतील तर फरक काढा, इथे 18, आणि सगळीकडे वजा करा. मात्र हा फरक पुस्तकभर सारखाच राहील असं धरून चालू नका. मध्ये घडीचा नकाशा स्कॅन झाला असेल, एखादं पान दोनदा आलं किंवा सुटलं असेल, तर फरक तिथून पुढे बदलतो. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी ताडून पाहा. तिन्ही जुळले नाहीत तर बदल कुठे झाला ते शोधून त्या पानाचा आकडा साधनाच्या नोंदीत लिहून ठेवा.

अभिलेखागारातल्या कागदांना छापील पान नसतं, तिथे पत्ता वेगळा. मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या इंग्रजी कागदांसाठी विभाग (महसूल वगैरे), वर्ष, खंड क्रमांक, खंडातलं पान, आणि पत्र कोणी कोणाला कोणत्या तारखेला लिहिलं, एवढं हवं. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद ज्या रुमालात बांधलेत त्याचा क्रमांक लागतो. बांधीव खंडांत पानांवर कधीकधी दोन आकडे असतात, एक मूळ शाईचा, एक नंतर पेन्सिलने घातलेला. आपण कुठला घेतला ते एकदा लिहून ठेवा आणि मग तोच पाळा.

फोटोंचं पण तसंच. खंड हातात आला की पहिला फोटो त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा किंवा तुमच्या मागणीचिठ्ठीचा. मग आतली पानं, आणि प्रत्येक फोटोत पानाचा आकडा आलाच पाहिजे. अक्षरं मोठी यावीत म्हणून लोक कोपरा कापतात आणि नेमका आकडा त्या कोपऱ्यात असतो. त्याच दिवशी संध्याकाळी फाइलला नाव द्या: `S07_v12_p088.jpg`, म्हणजे साधन 7, खंड 12, पान 88. ताईंचे फोटो तसेच पडून होते, पण मूळ फोनमध्ये असल्याने प्रत्येकावर काढल्याची तारीख आणि वेळ होती. मागणीचिठ्ठ्यांच्या प्रती त्यांनी जपल्या होत्या. तारखेवरून चिठ्ठी, चिठ्ठीवरून खंड असं बहुतेकांचं ठिकाण लागलं. जे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मैत्रिणीकडून आले होते, त्यांची मूळ तारीख निघून गेली होती. ते बाजूलाच ठेवावे लागले.

तारखांबद्दल एक सांगायलाच हवं. मोडी कागदावर शके, फसली किंवा सुहूर सन येतो. आधी कागदावर आहे तसाच लिहा आणि इसवी सन शेजारी वेगळ्या रकान्यात. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण नव्या वर्षाच्या जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. फसलीत 590 किंवा 591, सुहूर सनात 599 किंवा 600, कारण ही दोन्ही वर्षं जूनमधल्या मृग नक्षत्रापासून धरली जातात. फसली 1228 आणि सुहूर 1219 ही दोन्ही 1818-19 सालाची, म्हणजे खानदेशात इंग्रजी अंमल आला तेव्हाची. वहीत नुसतं रूपांतरित साल राहिलं आणि मूळ आकडा गेला, तर एका वर्षाची चूक झालीय का हे तपासायला पुन्हा मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं.

आता रोजची नोंद. तिच्यात साधन क्रमांक, पान, मजकूर, विषय (बंधारा, पाटकरी, सारा असा एखादा शब्द) आणि नोंदीची जात एवढं पुरे. जात म्हणजे तीन अक्षरं: ‘उ’ म्हणजे शब्दशः उतारा, अवतरणचिन्हांत; ‘सं’ म्हणजे माझ्या शब्दांत संक्षेप; ‘मा’ म्हणजे माझा स्वतःचा विचार. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे. पानाचा आकडा हरवला तर शोधून सापडतो. पण वहीतलं एखादं नेटकं वाक्य आपलं की लेखकाचं, हे वर्षभराने कोणीच सांगू शकत नाही. मग दुसऱ्याचं वाक्य आपल्या नावावर प्रबंधात जातं आणि साहित्यचौर्य तपासणीत पकडलं जातं. उतारा दोन पानांवर पसरला असेल तर पान जिथे उलटलं तिथे तिरकी रेघ मारा, पुढे त्यातलं अर्धंच वाक्य वापरलं तरी पान बरोबर राहतं.

ताईंच्या वहीतली दुसरी ओळ: “फड पद्धत 300 वर्षं जुनी.” दुसऱ्या वहीत 400 वर्षं. दोन्हीपुढे साधन नाही. त्यांच्याकडच्या लेखांच्या फाइलींत ‘फड’ शब्द शोधून दोन्ही आकडे सापडले. एका लेखाने दुसऱ्याचा हवाला दिला होता, दुसऱ्याने कसलाच दिला नव्हता. म्हणजे दोन साधनं दिसत होती, पुरावा एकही नव्हता. त्या दिवसापासून नोंदीत एक रकाना वाढला: ‘त्यांनी कुठून घेतलं’. प्रबंधात वाक्य असं झालं की अलीकडचे लेखक ही पद्धत तीन-चार शतकं जुनी मानतात, मात्र या लेखांत समकालीन कागदाचा आधार दिलेला नाही. खाली दोन्ही लेखांची पानं.

गावातल्या मुलाखतींना पान नसतं, पण रेकॉर्डिंगची वेळ असते. मुलाखतीलाही साधन क्रमांक द्या आणि नोंद अशी करा: ‘सा21, 14 मि. 20 से., उ, “मना बाप पाटकरी व्हता”’. अहिराणी वाक्य अहिराणीतच राहू द्या. प्रमाण मराठीत वळवलंत तर ती नोंद ‘सं’ झाली, ‘उ’ राहिली नाही. पाटकरी, जागल्या, सांडम, सारंग या फड पद्धतीतल्या शब्दांचा अर्थ सांगणाऱ्याने जो सांगितला तो त्याच्याच नोंदीत ठेवा, कारण पुढच्या बंधाऱ्यावर तो थोडा वेगळा निघू शकतो.

राहिला जुना साठा. तो पहिल्या पानापासून नोंदवहीत उतरवू नका. त्यात महिने जातात आणि निम्म्या नोंदी प्रबंधात येतच नाहीत. हातातलं प्रकरण घ्या आणि आधाराची गरज असलेल्या प्रत्येक वाक्यावर खूण करा: साधन आणि पान दोन्ही आहे, साधन आहे पण पान नाही, दोन्ही नाही. दुसऱ्या गटासाठी फाइलमध्ये शोध घ्या, पण ‘पाणी’, ‘नदी’ असले शब्द टाकून काही हाती लागत नाही. त्या वाक्यातलं एखादं गावाचं नाव किंवा विरळ शब्द टाका. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांत संगणक आकडे आणि वर खुणा असलेली इंग्रजी अक्षरं चुकीची वाचतो, त्यामुळे एका शब्दावर थांबू नका. तिसऱ्या गटातली वाक्यं सापडेपर्यंत मसुद्यातून बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवा. नुसतं प्रश्नचिन्ह लावून ती आत ठेवली, तर शेवटच्या घाईत चिन्ह पुसलं जातं आणि वाक्य राहतं.

शोध रिकामा गेला तरी तो नोंदवा: तारीख, साधन, कोणते शब्द टाकले, काय मिळालं नाही. खानदेशच्या बाबतीत याची फार गरज पडते. जुन्या इंग्रजी लिखाणात पांझरेचं स्पेलिंग एकसारखं नाही. `Panjhra`, `Panjra`, `Panzara` तिन्ही टाकून पाहावी लागतात. 1880 च्या गॅझेटियरमध्ये साक्री नावाचा तालुका शोधाल तर मिळणार नाही, कारण तेव्हा तो पिंपळनेर होता. 1906 पर्यंत पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे नव्हते, त्यामुळे त्याआधीचे कागद ‘पश्चिम खानदेश’ या नावाखाली शोधणं फुकट जातं. ताईंनी एका यादीत फक्त ‘साक्री’ टाकून पाहिलं होतं आणि काही नाही म्हणून ती सोडून दिली होती. ती यादी आता पिंपळनेरच्या नावाने पुन्हा पाहायची म्हणून नोंदवहीत खुणेने ठेवली आहे.