'एनसी'वर समाधान मानू नका

नागालँडच्या दोन मुलींना फ्लॅट भाड्याने देतोय. एजंट म्हणतो 'फॉर्म सी' लागेल, त्याचे दोन हजार.

फॉर्म सी परदेशी नागरिकांसाठी असतो. भाडेकरार नोंदवा आणि भाडेकरूची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर भरा, म्हणजे जे कोणत्याही भाडेकरूसाठी करता तेच. एजंटला दमडीही देऊ नका.

अजिंठ्याला मणिपुरी मित्राकडे पासपोर्ट मागितला. काय करायचं?

आधार दाखवा, 40 रुपयांचं तिकीट घ्या. नेपाळ-भूतानच्या पर्यटकालाही तिथे हाच दर आहे. चेहरा बघून 600 मागणाऱ्याला स्वतःचाच नियम ठाऊक नाही.

मणिपूरमधल्या चुराचांदपूरच्या माझ्या मैत्रिणीला सोसायटीच्या चेअरमननी पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत 'चिंकी, जंगली' म्हटलं. पोलिसांनी एनसी दिली. एवढंच का?

नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपासच करू शकत नाहीत. हा कागद घेऊन लोक महिनाभर वाट बघतात, तोवर सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जातं.

मैत्रीण अनुसूचित जमातीची असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचं, लोकांदेखत केलेल्या अपमानाबद्दलचं कलम 3(1)(आर) तपासा. 'दाखला मणिपूरचा, इथे चालत नाही' हे ठाण्यातलं पेटंट उत्तर ऐकून घेऊ नका. मूळ राज्याबाहेरही या कायद्याचं संरक्षण मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2023 मध्ये सांगितलं आहे. खरी अडचण पुढे येते. अपमान जमातीमुळेच झाला हे दाखवावं लागतं आणि आरोपी हमखास म्हणतो, 'मला ती चिनी वाटली.' चेअरमनला ही पळवाट कठीण आहे. सोसायटीकडे तिची कागदपत्रं आहेत आणि आरोपी ओळखीचा असेल तर त्याला जमात ठाऊक होती असं न्यायालय कलम 8 खाली गृहीत धरतं; उलट सिद्ध करणं त्याच्याकडे.

तक्रारीत 'अपशब्द वापरले' असं लिहू नका. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, वेळ आणि ऐकणाऱ्यांची नावं लिहा, दाखल्याची प्रत जोडा. फुटेज जपून ठेवा असं सोसायटीला आजच लेखी कळवा. ठाण्यात नकार मिळाला तर तक्रार पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तरीही हालचाल नसेल तर विशेष न्यायालय आहे, पण तो अर्ज फौजदारी वकिलाकडूनच करून घ्या.

मित्र मणिपूरच्या मैतेई समाजाचा आहे. रस्त्यावर अनोळखी माणसाने 'चिनी' म्हणून शिवीगाळ केली. हाच कायदा लागतो?

बहुतेक मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे सहसा नाही. नेमकी हीच फट बुजवायला, ईशान्य भारतीयांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या बेझबरुआ समितीने 2014 मध्ये वंशद्वेषी अपमानासाठी स्वतंत्र कलम सुचवलं होतं. 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यातही ते नाही. उरतं हेतुपुरस्सर अपमानाचं कलम 352, जे अदखलपात्र आहे. पीडित स्त्री असेल आणि शब्द लज्जेला धक्का देणारे असतील तर कलम 79 लागू शकतं आणि ते दखलपात्र आहे. धमकी किंवा मारहाण झाली असेल तर कलमं बदलतात, म्हणून वकिलाला सगळा प्रसंग सांगा. त्याआधी जागेवरूनच 112 ला फोन करा. वेळेची नोंद तिथे आपोआप होते.