उधारीच्या वहीतून निघालेल्या चार ओळी

"मॅडम, बी.कॉम. होऊन तीन वर्षं झाली पण अनुभव शून्य, नुसती पप्पांच्या किराणा दुकानात बसते. गुरुवारी बँकेत इंटरव्ह्यू आहे, रेझ्युमेत सगळ्यात वर प्रोफेशनल समरी टाका म्हणालेत. मी त्यात लिहू तरी काय?"

सोमवारी दुपारी हा मेसेज आला आणि संध्याकाळी ती स्वतःच आली, सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाहून एसटीने. बँक खाजगी, जागा शाखेतल्या कॅश काउंटरची. (सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत आता इंटरव्ह्यू नसतोच, खाजगीत मात्र रेझ्युमे समोर ठेवूनच बोलतात.) तिने एक समरी लिहून आणली होती, म्हणजे मैत्रिणीच्या रेझ्युमेतून उचलली होती. मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करायची आवड, नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद हवंय, वगैरे. मी म्हटलं अगं हे तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाच्या कागदावर असणारे, यातलं एक वाक्य दाखव जे फक्त तुझं आहे. ती गप्प.

मग मी समरीचा विषयच सोडला आणि विचारलं, काल दुकानात काय काय केलंस ते सकाळपासून सांग. सुरुवातीला "काय नाय, गिऱ्हाईक बघितलं" एवढंच. जरा खोदल्यावर मात्र गाडी रुळावर आली. सकाळी गल्ल्यात पाचशेची चिल्लर ठेवायची, दिवसभर बिलं, मधेच दूधवाल्याचे आणि हमालीचे पैसे गल्ल्यातूनच द्यायचे पण चिठ्ठी टाकून द्यायचे, आणि रात्री रोख वेगळी मोजायची, यूपीआयची जमा फोनवर बघून वेगळी लिहायची, दोन्हींच्या बेरजेत चिठ्ठ्यांचे पैसे आणि त्या दिवसाची उधारी मिळवून, सकाळचे पाचशे आणि जुन्या उधारीची वसुली वजा करून ती दिवसाच्या विक्रीशी जुळवायची. मी विचारलं, जुळतं का रोज? "वीस-तीस रुपये इकडंतिकडं होतंय मॅडम, पण ते लिहून ठेवते, नाहीतर दुसऱ्या दिवशी पप्पा विचारतात." आता कॅश काउंटरवर संध्याकाळी नेमकं हेच करावं लागतं, फक्त नोटा जास्त, आणि फरक आला की शोधत बसावं लागतं. हिला हे तीन वर्षांपासून येतंय आणि ती म्हणते अनुभव शून्य.

खरी गोष्ट उधारीच्या वहीत होती. मंगळवारी वही घेऊन ये म्हटलं, तर लाल पुठ्ठ्याची, कडेला तेलाचे डाग पडलेली वही आली. मी विचारलं किती खाती असतील गं, म्हणाली दोनशे तरी. बसून मोजली, चालू खाती निघाली 64. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोनशे लिहिलं असतं आणि समोरच्याने सहज विचारलं असतं की महिन्याची वसुली किती, तर तिथेच गाडी अडकली असती. मोजलेला आकडा लहान असला तरी त्याच्या मागे माणूस ठामपणे उभा राहतो.

वही चाळताना दिसलं की प्रत्येक नावापुढे चार आकडे लिहिलेत. हे काय? तर वहीत तीन जाधव आहेत, एक टेलर, एक शाळेमागचे गुरुजी, एक नुसतेच जाधव, आणि दोन वर्षांपूर्वी पप्पांनी टेलरचं तेल आणि डाळ शाळेमागच्यांच्या पानावर टाकली, ते गुरुजी दुकानात येऊन चारचौघात चिडले. त्या रात्री हिने सगळ्या नावांपुढे मोबाईलचे शेवटचे चार आकडे लिहून काढले आणि नियम केला की आकडे विचारल्याशिवाय उधारी लिहायची नाही. मी म्हटलं, हे तू समरीत का नाही लिहिलंस? ती हसायला लागली, "हे काय लिहायचं असतंय होय?" बँकेत एकाच नावाची दोन खाती असतात आणि पैसे चुकीच्या खात्यात गेले की काय गोंधळ होतो हे कॅशियरला विचारा. हिने तो गोंधळ भोगून त्यावर उपाय काढलाय.

उत्साहात आल्यावर ती उलट्या टोकाला गेली, हे पण सांगायला हवं, कारण जवळजवळ सगळेच जातात. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये ती "अकाउंट्स मॅनेजर" झाली होती, जीएसटी रिटर्न भरत होती आणि चुका 90 टक्क्यांनी कमी केल्या होत्या. मी विचारलं रिटर्न कोण भरतं? सीए भरतात, ही फक्त खरेदीची बिलं तारखेने लावून त्यांच्याकडे देते. मग तेवढंच लिहायचं. आणि 90 टक्के कुठून आले? इंटरनेटवर म्हणे आकडे टाका असं सांगतात. आकडे टाका, पण मोजलेले. पदाचं पण तसंच, बँक जॉइनिंगच्या आधी पडताळणी करते, तिथे पगाराची स्लिप मागितली तर काय देणार? म्हणून फॉर्मवर "कौटुंबिक व्यवसाय, पगार नाही" असं सरळ लिहायला सांगितलं. पप्पांचा आग्रह होता की दुकानाचं नावच नको, लोक हसतील. त्यांच्याशी फोनवर मीच बोलले, पटलं की नाही माहीत नाही, पण "बघा बाई तुम्ही" म्हणाले.

शेवटी इंग्रजीत जे झालं ते मराठीत असं: "बी.कॉम. घरच्या किराणा दुकानात तीन वर्षं रोजचा गल्ला आणि उधारीची 64 खाती सांभाळते, रोज रात्री रोख आणि यूपीआय जमा वेगवेगळी जुळवते. एकाच आडनावाच्या गिऱ्हाईकांची खाती मोबाईल नंबरने वेगळी केली. खरेदीची बिलं लावून सीएकडे देते, टॅली येतं. शाखेत कॅश काउंटरचं काम करायचं आहे." बस. प्रामाणिक हा शब्द कुठेच नाही. बुधवारी रात्री फोनवर मी प्रत्येक वाक्यावर एकेक प्रश्न विचारला, पंधरा मिनिटांत ती फक्त टॅलीवर अडखळली, कारण कोर्स करून दीड वर्ष झालेलं आणि नंतर हात लावलेला नाही. मग "टॅली येतं" काढून "टॅलीचा कोर्स केला आहे" केलं.

गुरुवारी दुपारी तिचा फोन. मॅनेजरांनी रेझ्युमे हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न, सगळ्यात जुनी उधारी किती दिवसांची आणि ती वसूल कशी करता? ही म्हणाली आठ महिन्यांची, ते काका आजारी आहेत, त्यांना नवीन उधारी बंद केली पण रोखीने माल देतो, आणि दर महिन्याला शंभर-दोनशे घेऊन बाकी कमी करतो. मग त्यांनी विचारलं पप्पांचं करंट अकाउंट कुठल्या बँकेत आहे, आमच्याकडे आणाल का? ही म्हणाली पप्पांना विचारून सांगते, तिथे त्यांचा ओव्हरड्राफ्ट आहे. मॅनेजर हसले म्हणे. मला वाटतं तिने दिलेल्या उत्तरांत हेच सगळ्यात चांगलं होतं.

दुसरा राउंड झाला, तीन आठवड्यांनी ऑफर लेटर आलं. वही आता धाकटा भाऊ लिहितो. परवा तिचा मेसेज होता, त्याने चार आकडे न विचारता टेलरचा साबण परत गुरुजींच्या पानावर टाकलाय.